बायोडेटातली मॉडेलची ओळ

ॲक्च्युअरी होऊ पाहणाऱ्याने बायोडेटात ‘सीएस १, सीएम १ उत्तीर्ण’ हे महिना-वर्षासह लिहिलं की पुरतं; त्या पेपरांत काय असतं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. खरी पारख मॉडेलच्या ओळीत होते. ‘आर वापरून वाहनविम्याचं मॉडेल केलं’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहावं: ‘दाव्यांच्या संख्येसाठी पॉयसन मॉडेल, बाजूला ठेवलेल्या पॉलिसींवर अंदाज ४००, प्रत्यक्ष दावे ४२०.’ हा फरक लपवू नये. मला तर तोच सर्वांत बोलका वाटतो. मुलाखतीत विचारतील, सहा महिनेच चाललेली पॉलिसी कशी मोजली? ती पूर्ण वर्षाची धरली, तर दाव्यांचं प्रमाण आहे त्याहून कमी दिसतं. म्हणून ‘विमाकाळ वर्षांत मोजून त्याचा लॉग ऑफसेट म्हणून घेतला’ हेही त्याच ओळीत यावं.