घटातील धान्य: रुजवण, प्रकाश आणि पाण्याचे गणित

नवरात्रात घटाभोवतीचे धान्य चौथ्या-पाचव्या दिवशी कुजले, त्यावर पांढरी बुरशी आली, की घरात ती अशुभाची खूण मानली जाते, किंवा गव्हाच्या बियाण्यावर ठपका येतो. बहुतेक वेळा दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. कारण मातीत, पाण्यात आणि दाटीत सापडते. जबलपूरजवळच्या पनागर परिसरात हे विशेष जाणवते.

माती

हा भाग ‘हवेली’ पद्धतीचा. पावसाळ्यात बांधबंदिस्त शेतात पाणी साठवून ठेवायचे आणि ते सोडल्यावर रब्बीची पेरणी करायची, अशी येथील जुनी रीत आहे. त्यामुळे ऐन नवरात्रात शेतातून आणलेली काळी माती चिकट व पाण्याने संपृक्त असते. तिच्यात हवा खेळत नाही आणि दाणा गुदमरतो. म्हणून माती आठ-दहा दिवस आधी आणून सावलीत वाळवावी, ढेकळे फोडावीत आणि तीन भाग मातीत एक भाग बारीक वाळू मिसळावी. कच्चे शेणखत घालू नये. त्यावर बारीक काळ्या बुरशीमाश्या येतात व त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात.

दाणा

चैत्रात काढलेला गहू आश्विनापर्यंत संपूर्ण पावसाळा कोठीत काढतो. या काळात सोंडे आणि दाण्यातील भुंगेरा दाणा आतून पोखरतात, तर खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या बहुधा अंकुराच्या बाजूने खाण्यास सुरुवात करतात. बाहेरून बरा दिसणारा दाणाही मग उगवत नाही. गहू पाण्यात टाकून ढवळावा आणि तरंगणारे दाणे काढून टाकावेत. रासायनिक प्रक्रिया केलेले, रंगीत बियाणे घटात वापरू नये. दसऱ्याला हेच अंकुर टोपीत व कानावर खोवले जातात आणि मुलांच्या हाती जातात.

प्रमाण

तीस सेंटिमीटर व्यासाच्या परडीचे उदाहरण घेऊ. तिचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर भरते. घटाची जागा वगळता ५०० ते ५५० उरते. दर चौरस सेंटिमीटरला एक ते दीड दाणा पुरतो, म्हणजे साधारण ५०० ते ८०० दाणे. हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरल्यास २० ते ३२ ग्रॅम गहू, म्हणजे लहानशी मूठ. प्रत्यक्षात अनेक घरांत याच्या चार-पाच पट धान्य थरावर थर पसरले जाते. खालचा थर हवेविना कुजतो आणि बुरशी तेथूनच वर चढते.

गहू आदल्या रात्री आठ तास भिजवावा. सप्तधान्य वापरायचे असल्यास हरभरा मोजकाच घ्यावा व चार-पाच तासच भिजवावा, कारण जास्त भिजलेला हरभरा सर्वांत आधी कुजतो. चार सेंटिमीटर मातीवर दाणे एकेरी पसरून वर एक सेंटिमीटर माती भुरभुरावी.

पाणी

नव्या मातीच्या घटातून पाणी सतत पाझरते. त्यामुळे घटालगतची माती आपोआप ओली राहते. तरीही रोज सर्वत्र पाणी घातले जाते आणि कूज घटाच्या कडेपासून सुरू होते. ती तेथून सुरू झाली असेल, तर दोष बियाण्याचा नसून पाण्याचा आहे हे ओळखावे. रोज सकाळी कडेच्या मातीत बोट टेकवावे. बोटाला ओली माती चिकटली तर पाणी देऊ नये. कोरडी लागल्यास फक्त परडीच्या बाहेरच्या कडेला हाताने शिंपडावे. परडीखाली दोन काड्या ठेवल्यास जास्तीचे पाणी निथळते.

प्रकाश

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब मातीवर येतात. देवघर अंधारे असल्यास ते पिवळसर व लांब वाढतात. महाकोशलातील जवारे तर मुद्दाम अंधारात वाढवून पिवळे ठेवले जातात. हा रोग नव्हे, हरितद्रव्य तयार न झाल्याचा परिणाम आहे. मात्र असे कोंब नाजूक असल्याने सातव्या दिवसानंतर आडवे पडतात. हिरवे व ताठ हवे असतील, तर कोंब दिसताच खिडकीचा अप्रत्यक्ष प्रकाश मिळू द्यावा. परंपरेनुसार घट हलवत नसल्याने जागा पहिल्याच दिवशी विचारपूर्वक निवडावी.

घटावरून बियाण्याची परीक्षा

घट हा रब्बीपूर्वीचा बियाण्याचा कौल मानला जातो. पण दाट पेरलेल्या परडीतून उगवणीची टक्केवारी काढता येत नाही. त्यासाठी घटस्थापनेच्याच दिवशी, पेरणीसाठी राखलेल्या गव्हाचे न निवडलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने गुंडाळून सावलीत ठेवावेत. आठव्या दिवशी निरोगी कोंब मोजावेत. प्रमाणित गव्हासाठी किमान उगवण ८५ टक्के असावी लागते. परडी कुजली पण गोणपाटात ८५ किंवा अधिक कोंब आले, तर बियाणे पेरण्यास योग्य आहे. परडी भरघोस पण गोणपाटात ६० कोंब, तर बियाणे बदलावे. पेरणीला अजून अवधी असतो.