व्यायल्यानंतर गाय बसली, खुराक सोडला : काय करावे?

चिकात जाणारे कॅल्शियम

गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असते आणि एक लिटर चिकात सुमारे 2 ग्रॅम जाते. तिसऱ्यांदा व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईचा 8 लिटर चीक सकाळी एकदम काढला, तर 16 ग्रॅम कॅल्शियम गेले. हाडांतून ही भरपाई व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात संध्याकाळपर्यंत गाय खाली बसते. हाच दुग्धज्वर. तो बहुधा व्यायल्यापासून 3 दिवसांत होतो.

ताप नसतोच

नावात ज्वर असला तरी गाईचे अंग तापत नाही, उलट कान आणि पाय थंड पडतात. आधी ती थरथरते, लडखडत चालते. मग बसते, मान वळवून कुशीवर टाकते, नाकपुडी कोरडी पडते, शेण थांबते. आडवी पडली तर जीव धोक्यात आहे असे समजा.

डॉक्टर येईपर्यंत

गाईला पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसवा, खाली गवत पसरा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. तोंडाने काहीही पाजू नका. तिला नीट गिळता येत नाही, पाजलेले फुप्फुसात जाते. कॅल्शियमची सलाईन शिरेतून अगदी सावकाश द्यावी लागते, घाई झाली तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ती डॉक्टरांनीच लावावी. गाय उठली तरी पुढचा एक दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला पुरेल एवढा चीक मात्र वेळेवर काढा.

दोन-तीन आठवड्यांनी : किटोसिस

कॅल्शियम कमी झाले की पोटाची हालचाल मंदावते, गाय कमी खाते. दूध मात्र वाढत असते. मग ती अंगावरची चरबी जाळू लागते आणि त्यातून रक्तात किटोन साठतात. म्हणून दुग्धज्वरातून उठलेल्या गाईवर पुढे महिनाभर नजर ठेवा.

अशी गाय कडबा खाते, पण पेंड-खुराकाला तोंड लावत नाही. दूध घटते, पाठ झपाट्याने उतरते, शेण घट्ट होते. काहींच्या श्वासाला गोडसर वास येतो, पण तो सगळ्यांना ओळखता येत नाही. लघवीची पट्टीवर तपासणी करून घेणे खात्रीचे. अशा वेळी घरोघरी गूळ चारतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पोटातले जंतूच ती साखर आंबवून टाकतात. डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात आणि बहुधा प्रॉपिलिन ग्लायकॉल काही दिवस पाजायला सांगतात.

भाकड काळातच

गाय भाकड असताना लठ्ठ होऊ देऊ नका. लठ्ठ गाय व्यायल्यावर कमी खाते. शेवटचे तीन आठवडे घासासारखा कॅल्शियमयुक्त चारा आणि कॅल्शियमची औषधे बंद ठेवा, म्हणजे हाडांतून कॅल्शियम काढण्याची सवय शरीराला आधीच लागते. या काळातले क्षारमिश्रण डॉक्टरांना विचारून निवडा. खुराक मात्र थोडा थोडा वाढवत न्या.

व्यालेली गाय बसली आणि उठेना, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना बोलवा.