पडदा काळा, फाइल शाबूत

रात्रीचे साडेअकरा. सकाळी दहाला प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायचा आणि शेवटचं प्रकरण टाइप करता करता लॅपटॉपचा पडदा अचानक काळा पडला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या त्या मुलीचा हात पॉवर बटणाकडे गेला. पण तिच्या रूममेटने तो धरला. "थांब, आधी मशीन बंद पडलंय की नुसता पडदा, ते बघू."

पंख्याचा आवाज येत होता. कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागत, विझत होता. म्हणजे मशीन चालू होतं. अशा वेळी पॉवर बटण दाबून धरलं असतं, तर सेव्ह न केलेली पानं गेली असती. तिने आधी `Ctrl+S` दाबलं.

मग खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. आत अंधूक अक्षरं दिसली! चित्र उमटत होतं, फक्त त्याला मागून उजेड देणारी बॅकलाइट गेली होती. टॉर्चमध्येही काहीच दिसलं नसतं, तर दोष केबलचा, पॅनेलचा किंवा ग्राफिक्सचा असू शकला असता.

घरमालकीणबाईंच्या टीव्हीला एचडीएमआय केबल जोडली, `Windows+P` दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलं आणि रिपोर्ट टीव्हीवर आला. सर्वात आधी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, स्वतःला ईमेलही केली. उरलेलं प्रकरण त्यानंतर लिहिलं.

रिपोर्ट वेळेत जमा झाला. बॅकलाइट मात्र घरी दुरुस्त होत नाही; त्यासाठी लॅपटॉप दुकानातच न्यावा लागतो.