मध्यरात्रीचा शेवटचा जुना पेपर

सकाळी दहाला थर्मोडायनॅमिक्सचा पेपर होता. रात्रीचे बारा वाजत आले होते आणि होस्टेलच्या खोलीत एकच जुना पेपर सोडवायचा राहिला होता. "एवढा सोडवू आणि झोपू," रूममेट म्हणाली. मला मात्र नोट्सवरून पुन्हा नजर फिरवायची होती. त्या रात्री आम्हा दोघींच्या डोक्यात मिळून तीन गैरसमज होते.

गैरसमज १: आदल्या रात्री नोट्स वाचणंच बरं.

वस्तुस्थिती: पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून ते येतंय असं आपण धरून चालतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त सांगता आलं. शिवाय काय येत नाही, हे नोट्स दाखवत नाहीत. जुना पेपर दाखवतो.

गैरसमज २: आदल्या रात्री गणित चुकलं की तीच चूक डोक्यात बसते.

वस्तुस्थिती: प्रश्न होता, ३२७ आणि २७ अंश सेल्सिअस या तापमानांमध्ये चालणाऱ्या कार्नो इंजिनाची कार्यक्षमता काढा. मी बेधडक १ − २७/३२७ केलं आणि ९२ टक्के लिहून मोकळी झाले.

"अगं, केल्व्हिन कुठाय?"

दोन्हींत २७३ मिळवले, ६०० आणि ३०० आले. १ − ३००/६००, म्हणजे ५० टक्के.

"आता थंड बाजू शून्य सेल्सिअस धर," ती म्हणाली. माझ्या रीतीने कार्यक्षमता १०० टक्के आली. सगळी उष्णता कामात बदलणारं इंजिन दुसऱ्या नियमात बसतच नाही. चूक ओळखायची खूण तीच.

बटरफिल्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या प्रयोगात, खात्रीने दिलेली चुकीची उत्तरं बरोबर उत्तर कळल्यावर अधिक सहज सुधारली. मात्र बरोबर उत्तर कळायला हवं. न पडताळता पुढे गेलं तर चूक तशीच राहते.

गैरसमज ३: जितकं जागू तितका फायदा.

वस्तुस्थिती: आम्ही सकाळी सातला उठलो होतो, म्हणजे मध्यरात्री सतरा तास झाले होते. १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी हात आणि नजरेचा मेळ तपासला. सतरा तासांच्या जागरणानंतरची घसरण रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तेवढी होती. भारतात वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ आहे.

शेवटचा प्रश्न आम्ही सोडवलाच नाही. वहीच्या पहिल्या पानावर "आधी केल्व्हिन" एवढं लिहिलं आणि साडेबाराला दिवा मालवला.