वर्ग केला आणि एक उत्तर जास्त आले

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात माकडांचे एक कोडे आहे. टोळीचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा आणि जे उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडे गुहेत शिरली. एक माकड मात्र फांदीवर चढलेले दिसते आहे. तर टोळीत एकूण माकडे किती?

समीकरण मांडून सोपे केले की x² − ५५x + २५० = ० असे रूप मिळते. त्याची दोन उत्तरे निघतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, त्यातून तीन गेले की ७, सातचा वर्ग ४९ आणि फांदीवरचे एक धरून ५०. आता दुसरे उत्तर पाहा. पाचचा पाचवा भाग १, त्यातून तीन वजा केले की −२. त्याचा वर्ग ४, फांदीवरचे एक मिळवले की ५. आकडेमोड इथेही जुळते. तरी भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर बाजूला ठेवले. टोळीच्या पाचव्या भागातून तीन माकडे काढायची, तर निदान तेवढी तिथे असायला हवीत. अशा ठिकाणी ऋण संख्या लोकांना पटत नाही, असे कारण त्यांनी दिले.

हेच ५ समीकरणात शिरले कसे, याचे उत्तर वर्ग करण्याच्या क्रियेत आहे. २ चा वर्ग ४ आणि −२ चा वर्गही ४. वर्ग केला की चिन्ह पुसले जाते आणि पुढे कितीही बिनचूक गणित केले तरी ते परत मिळत नाही. आज वर्गमूळ आणि केवलमूल्य असलेली समीकरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हीच अडचण येते. अशा समीकरणांच्या सरावपत्रिकेत ‘प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून तपासा’ ही सूचना असते, ती याच कारणाने.

एक समीकरण पूर्ण सोडवून पाहू.

√(x + ७) = x − ५

वर्गमूळ डाव्या बाजूला एकटे आहे, म्हणून दोन्ही बाजूंचा वर्ग करता येतो. त्यातून x + ७ = x² − १०x + २५ मिळते. सगळी पदे एका बाजूला आणली की x² − ११x + १८ = ०, म्हणजेच (x − ९)(x − २) = ०. उत्तरे ९ आणि २. बरेच विद्यार्थी इथे दोन्ही उत्तरांखाली रेघ मारून पुढच्या गणिताकडे वळतात.

आता तपासणी. x = ९ घेतले तर डावीकडे √१६, म्हणजे ४, आणि उजवीकडे ९ − ५, म्हणजे ४. उत्तर टिकले. x = २ घेतले तर डावीकडे √९, म्हणजे ३, पण उजवीकडे २ − ५, म्हणजे −३. √ हे चिन्ह नेहमी धन किंवा शून्य वर्गमूळच दाखवते, त्यामुळे डावी बाजू −३ होऊच शकत नाही. २ हे उत्तर आगंतुक आहे. ते खरे तर −√(x + ७) = x − ५ या वेगळ्याच समीकरणाचे उत्तर. दोन्ही समीकरणांचा वर्ग सारखाच येतो, म्हणून एकाचे उत्तर दुसऱ्याच्या घरात आले.

तपासणी मूळ समीकरणातच का करायची, हेही इथेच दिसते. समजा कोणी २ ही किंमत वर्ग केलेल्या ओळीत घातली. x + ७ म्हणजे ९ आणि (२ − ५)² म्हणजेही ९. सगळे जुळले! चिन्ह ज्या ओळीत पुसले गेले, त्या ओळीत किंवा तिच्याखाली कुठेही तपासले तरी आगंतुक उत्तर पकडले जात नाही. त्यासाठी वर्ग करण्याआधीच्या ओळीपर्यंत मागे जावेच लागते.

तपासणी फसली म्हणजे उत्तर आगंतुकच असेल, असेही नाही. आधीची आकडेमोडही चुकलेली असू शकते. एकदाच वर्ग केलेल्या गणितात हे ओळखणे सोपे आहे. ३ आणि −३ असा फक्त चिन्हाचा फरक पडला, तर उत्तर आगंतुक. एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ५ आले, तर चूक आकडेमोडीत आहे आणि मागच्या पायऱ्या पुन्हा पाहायला हव्यात.

दुसरा एक गैरसमज फार पसरलेला आहे. ऋण उत्तर आले की ते तपासायच्या आधीच खोडायचे, अशी सवय अनेकांना लागते. √(६ − x) = −x हे समीकरण घ्या. वर्ग करून x² + x − ६ = ० येते आणि उत्तरे −३ व २. x = −३ घातले तर डावीकडे √९ = ३ आणि उजवीकडे −(−३) = ३. हे उत्तर बरोबर. x = २ घातले तर डावीकडे २ आणि उजवीकडे −२. इथे धन उत्तर आगंतुक निघाले आणि ऋण उत्तर खरे ठरले. वर्गमूळाची किंमत ऋण नसावी, एवढीच अट आहे. X ऋण असायला हरकत नाही.

केवलमूल्याच्या समीकरणात वर्ग करावा लागत नाही, पण चिन्हाचा प्रश्न तोच राहतो. |२x + १| = x − ४ सोडवताना दोन शक्यता धरतात. पहिली, २x + १ = x − ४, म्हणून x = −५. दुसरी, २x + १ = −(x − ४), म्हणून x = १. तपासून पाहा. −५ घातले तर डावीकडे |−९| = ९, उजवीकडे −९. १ घातले तर डावीकडे ३, उजवीकडे −३. दोन्ही उत्तरे गळाली. या समीकरणाला एकही उकल नाही आणि तेच त्याचे पूर्ण उत्तर आहे. दोन शक्यता मांडताना उजवी बाजू शून्य किंवा धन असल्याचे आपण गृहीत धरले होते. इथे x किमान ४ असला तरच ते खरे ठरते, आणि −५ किंवा १ त्यात बसत नाहीत.

घनमुळाच्या समीकरणात हा धोका नसतो. २ चा घन ८ आणि −२ चा घन −८, म्हणजे घन करताना चिन्ह टिकून राहते. वास्तव संख्यांमध्ये दोन्ही बाजूंचा घन केल्याने नवे उत्तर शिरत नाही. तिथे तपासणी करायची ती फक्त आकडेमोडीची चूक शोधण्यासाठी.

या तपासणीलाही एक मर्यादा आहे. ती जास्तीचे उत्तर काढून टाकते, पण हरवलेले उत्तर परत आणत नाही. √x = x या समीकरणाचा वर्ग केला की x = x². घाईत दोन्ही बाजूंना x ने भागले तर x = १ एवढेच उरते. ते तपासले की बरोबर येते आणि विद्यार्थी समाधानाने थांबतो. पण x = ० देखील या समीकरणाचे उत्तर आहे; भागाकार करताना ते निसटले. म्हणून भागण्याऐवजी x² − x = ० लिहून x(x − १) = ० असे अवयव पाडावेत. त्यातून ० आणि १ दोन्ही मिळतात. मूळ समीकरणात घातले की √० = ० आणि √१ = १, दोन्ही उत्तरे टिकतात.