६९.४

नवीन पनवेलमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी गेले, ती भाच्यामुळे. सबमिशनच्या आदल्या रात्री तो मित्राचा सी प्रोग्राम उतरवत बसला होता. फक्त `sum` चं `total` करायचं, की झालं जर्नल! "सगळे तेच करतात," तो म्हणाला, "उद्या प्रॅक्टिकलनंतर थर्ड इयरची ताई त्यावरच बोलणार आहे." सरांची परवानगी काढून मी मागच्या बाकावर बसले.

ताई जेमतेम दहा मिनिटं बोलली. नीतीचा एक शब्द नाही. तिने मुलांच्याच जर्नलमधला, पाच विषयांची सरासरी काढणारा प्रोग्राम पडद्यावर लावला.

```c
int sum = 347, n = 5;
double avg;
avg = sum / n;
printf("%f", avg);
```

"गुण ७०, ६५, ८१, ५९, ७२. बेरीज ३४७. आता भागाकार वहीवर करा."

पोरांनी केला. ६९.४.

तिने प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं `69.000000`. तिने चार-पाच जर्नल उघडून धरली. नावं वेगळी, व्हेरिएबल वेगळी, आउटपुट सगळ्यांचं तेच.

"कंपायलरने एरर दिली? नाही. वॉर्निंगही नाही. कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. `sum` पूर्णांक, `n` पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकी. `avg` डबल आहे खरा, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच .४ गळून गेलाय. पुढची सहा शून्यं नुसती छापायची पद्धत."

मग तिने एकच ओळ बदलली.

```c
avg = (double)sum / n;
```

`69.400000`. पुढच्या बाकावरची एक मुलगी आपल्या जर्नलमधल्या त्या ६९ कडे बघत राहिली. मला तिचा चेहरा विसरता येत नाही. इतके दिवस ते उत्तर तिच्या नावावर होतं आणि ते तिने एकदाही वाचलं नव्हतं.

"मित्राचा कोड बघू नका असं मी म्हणत नाही," ताई म्हणाली. "बघा, समजून घ्या, मग बंद करा आणि कोऱ्या फाइलमध्ये स्वतः लिहा. अडाल तिथे तुम्हाला काय येत नाही ते कळेल. दहा एरर आल्या तर पहिलीच वाचा. एक सेमीकोलन राहिला तरी खाली रांग लागते. आणि चालवायच्या आधी उत्तर हाताने काढा. भाग न जाणारे आकडे घ्या. बेरीज ३४५ असती तर उत्तर बरोबर ६९ आलं असतं आणि ही चूक कधीच दिसली नसती."

व्हायवात एक्स्टर्नल विचारतात ते हेच: ही ओळ का लिहिली, ती काढली तर काय होईल? नावं बदलून उतरवलेल्या प्रोग्रामकडे त्याचं उत्तर नसतं.

घरात पहिल्या वर्षाचं मूल असेल, तर जर्नल पूर्ण झालं का, एवढंच विचारून थांबू नका. त्यातलं एक आउटपुट वहीवर काढून दाखवायला सांगा.