अनेक तक्ते, एक ऑड्स रेशो

मूतखड्यांवरील १९८६ च्या ब्रिटिश अभ्यासातील आकडे दोन तक्त्यांत मावतात. लहान खड्यांवर उघडी शस्त्रक्रिया ८१ वेळा यशस्वी, ६ वेळा अयशस्वी झाली. पाठीत छिद्र पाडून खडा काढण्याची पद्धत २३४ आणि ३६ वेळा. मोठ्या खड्यांसाठी हेच आकडे १९२, ७१ आणि ५५, २५.

तक्ता छायाचित्रातून उतरवताना प्रत्येक ओळीची बेरीज छापील एकूणाशी ताडावी. ८१ आणि ६ मिळून ८७ हवेत; ६ चा ८ वाचला गेला, तर चूक तिथेच पकडली जाते.

सगळे रुग्ण एकत्र केले तर ऑड्स रेशो ०.७५ येतो आणि उघडी शस्त्रक्रिया मागे पडते. पण अवघड, मोठे खडे मुख्यतः तिच्याच वाट्याला आले होते. म्हणून मँटेल आणि हेन्झेल यांची १९५९ ची पद्धत तक्ते वेगळेच ठेवते. प्रत्येक तक्त्यातील तिरक्या जोड्यांचे गुणाकार त्या तक्त्याच्या एकूण संख्येने भागायचे, मग बेरजा करायच्या:

```
(81×36/357 + 192×25/343) / (6×234/357 + 71×55/343)
= 22.16 / 15.32 = 1.45
```

आता पारडे फिरते. स्वतंत्र रेशो २.०८ आणि १.२३ आहेत, दोन्ही एकाच्या वर. एक वर आणि दुसरा खाली असता, तर सामाईक आकडा देणेच चूक ठरले असते.